‘कारणे’, ‘व्यवस्थापन’, ‘इतर माहिती’: विस्कळीत मसुदा लावायचा कसा?

प्रश्न: कापूस उत्पादकांसाठी गुलाबी बोंडअळीवर पुस्तिका लिहितेय. २२ परिच्छेद झालेत. मथळे असे आहेत: प्रस्तावना, किडीची ओळख, नुकसानीचा प्रकार, कारणे, व्यवस्थापन, इतर माहिती, समारोप. आमचे कीटकशास्त्रज्ञ म्हणतात माहिती बरोबर आहे. पण गावात दोघांना वाचायला दिली तर म्हणाले, “ताई, हे सगळं ठीक, पण करायचं काय ते सांगा ना.” मसुदा सोबत पाठवतेय. पहिल्यापासून लिहू का?

उत्तर:

पहिल्यापासून लिहू नका. लिहाल तर तेच २२ परिच्छेद त्याच क्रमाने पुन्हा उतरतील, कारण तो क्रम तुमच्या वाचनाचा आहे. आधी कृषी विद्यापीठाची घडीपत्रिका वाचलीत, मग २०१७ सालच्या विदर्भातल्या प्रादुर्भावावरचे लेख, मग शास्त्रज्ञांशी बोललात. मसुदाही त्याच वाटेने गेलाय. त्यात चूक काही नाही, पहिला खर्डा असाच असतो. मी पंधराएक वर्षं शेतीविषयक पुस्तिकांचं संपादन करते, आणि माझे स्वतःचे खर्डेही असेच निघतात.

सुरुवात मथळे खोडण्यापासून करा. मसुद्याची वेगळी प्रत काढा आणि सातही मथळे उडवा. ‘कारणे’ असं वर लिहिलेलं असलं की खालचं सगळं कारणच वाटायला लागतं, डोळा पुढे तपासतच नाही. आता परिच्छेदांना १ ते २२ आकडे द्या, पाठकोरी छापील प्रत काढा आणि डावीकडे चार बोटं समास सोडा.

या समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक वाक्य लिहायचं. परिच्छेद वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि लिहायचं: हा परिच्छेद काय *सांगतो*? वाक्य पूर्ण हवं, क्रियापदासकट. ‘सापळ्यांविषयी’, ‘फरदडीबाबत’ चालणार नाही. ‘विषयी’ आणि ‘बाबत’ हे दोन शब्द या कामापुरते बंद. ते लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं, पण परिच्छेद काय म्हणतो ते आपल्यालाही कळलेलं नसतं.

तुमचा नववा परिच्छेद घेऊ:

> “कामगंध सापळ्यामध्ये मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध वापरलेला असतो व त्याकडे नर पतंग आकर्षित होतात. एकरी दोन सापळे लावावेत. अनेक भागांत फरदड घेण्याची प्रथा असून त्यामुळे किडीला सतत खाद्य उपलब्ध होते. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजना करावी.”

याचं एक वाक्य करायला गेलात की पेन अडतं, आणि अडतं तिथेच दोष असतो. पहिलं, दुसरं आणि चौथं वाक्य मिळून एक गोष्ट सांगतात: सापळ्यातले पतंग मोजले की अळी येणार हे आधी कळतं. तिसरं वाक्य फरदडीचं, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी शेतात पुढे ठेवण्याचं. ते वेगळं काढा, त्याला ९ख म्हणा आणि बाजूला ठेवा. ते तिथे कसं आलं तेही ओळखता येतं. हंगाम संपताना सापळ्यात पतंग वाढतात असं कुठेतरी वाचलंत, त्यावरून फरदड आठवली, आणि हात थांबला नाही.

मी तुमचा अख्खा मसुदा असा लावून पाहिला. २२ परिच्छेदांचे २६ तुकडे झाले. त्यातल्या तिघांसमोरचं वाक्य एकच निघालं: फरदड घेऊ नका. एकदा ‘कारणे’मध्ये, एकदा ‘व्यवस्थापना’त, एकदा ‘समारोपा’त. तिन्हीतला सगळ्यात ठोस ठेवा आणि बाकीच्या दोघांत वेगळं काही असेल तेवढं त्यात मिसळा. दोन तुकड्यांसमोर मला वाक्यच लिहिता आलं नाही. ‘कापूस हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे’ हा त्यातला एक. ज्याच्या शेतात कापूस उभा आहे त्याला हे सांगून काय मिळणार? असे तुकडे फेकू नका. ‘कोठार’ नावाची एक फाइल करा आणि त्यात टाका. फेकायचं म्हटलं की लिहिणाऱ्याचा जीव होत नाही आणि तो काहीतरी निमित्त काढून तुकडा परत घुसवतो. कोठारात ठेवायला मात्र कुणाची ना नसते.

आता क्रम. तुमच्या विषयाला तीन सरळ क्रम लागू पडतात: किडीच्या जीवनक्रमाचा (अंडी, अळी, कोष, पतंग), कारण-परिणामाचा आणि हंगामाचा. तुमच्या शास्त्रज्ञांना पहिला आवडेल. तुम्ही नकळत पहिला आणि दुसरा मिसळलाय. पण त्या दोघा शेतकऱ्यांनी काय विचारलं ते बघा. त्यांना हंगामाचा क्रम हवाय.

मात्र नुसतं पंचांग लावूनही भागणार नाही, आणि इथे जरा थांबावं लागेल. या विषयात एक गोष्ट अशी आहे की ती पटल्याशिवाय बाकीचं काहीच पटत नाही: अळी बोंडात शिरली की शिरण्याचं भोक बुजतं, बोंड बाहेरून धडधाकट दिसतं, आणि वरून मारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. ज्याला हे माहीत नाही तो सापळ्यातले पतंग कशाला मोजेल? तो म्हणेल, अळी दिसू दे, मग मारू. तुमच्या मसुद्यात हे वाक्य एका परिच्छेदाच्या पोटात आहे, ‘नुकसानीचा प्रकार’खाली, सरकीचं वजन आणि रुईचा डाग यांच्या मधोमध. सगळ्या पुस्तिकेचा खांब तो. त्याला पहिल्या पानावर आणा.

बाकीचे तुकडे लावताना मी एकच कसोटी वापरते: हा तुकडा वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या तोंडून काय निघेल? जे निघेल त्याचं उत्तर पुढच्या तुकड्यात हवं. अळी आत लपते हे कळलं की शेतकरी म्हणणार, “पण आपलं बियाणं तर बीटी आहे.” म्हणून दुसरा तुकडा बीटीचा. दोन जनुकांचं बीटी भारतात २००६ मध्ये आलं तेव्हा या अळीवर चाललं, पुढे अळी त्याला सरावली, आता नुसत्या बियाण्यावर विसंबता येत नाही. तुम्ही हे ‘प्रस्तावने’त इतिहास म्हणून सांगितलंय. इथे आलं की तेच शंकेचं उत्तर होतं. मग तो विचारणार, “मग आत शिरायच्या आधी कळायचं कसं?” इथे सापळे, डोमकळ्या म्हणजे अळीमुळे मिटून राहिलेली फुलं, आणि बोंडं फोडून पाहणं. “कळलं, आता?” इथे फवारणी. “आणि एवढं करून राहिलीच तर?” इथे डिसेंबरअखेर पीक काढणं, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या उरलेल्या झाडांचा नायनाट, फरदडीला नकार. शेवटी पुढच्या वर्षीची पेरणी.

पेरणी शेवटी का, हे तुम्ही विचारालच. जून तर आधी येतो. पण मेमध्येच धूळपेरणी करू नका असं सांगायचं तर त्यामागचं कारण आधी माहीत हवं: अळ्या पऱ्हाटीत आणि न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहतात, पतंग होऊन बाहेर येतात, आणि तेव्हा लवकर पेरलेल्या कपाशीला पात्या-फुलं लागलेली असली तर त्यांचं बस्तान बसतं. हे कारण पऱ्हाट्यांच्या तुकड्यात येतं, म्हणून पेरणी त्याच्या मागे. यात एक अट आहे. पुस्तिका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाटणार असाल तर हा क्रम बरोबर. एप्रिल-मेमध्ये वाटणार असाल तर पऱ्हाटी आणि पेरणी हे दोन तुकडे जोडीने उचलून खांबाच्या लगेच मागे आणा. वाटप कधी ते तुम्ही कळवलेलं नाही. मांडणी ठरवायच्या आधी ते नक्की करा.

या क्रमात एक गोष्ट मोडते, ती म्हणजे जीवनक्रम. अंड्याचं वाक्य पहिल्या भागात गेलं, सुप्तावस्था पाचव्यात. शास्त्रज्ञ म्हणतील, जीवनक्रम एकत्र हवा. त्यांचंही बरोबर आहे, कारण कृषी सहायकाला तो एका नजरेत लागतो. शेवटच्या पानावर चौकट करून आकृतीसह द्या. मुख्य मजकुराचा कणा मात्र त्याला करू नका.

तुकडे हलवायला मी अजून कात्री आणि सतरंजी वापरते. तुम्हाला संगणकावरच करायचं असेल तर प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचं समासातलं वाक्य टाइप करा, त्याला Word मध्ये `Heading 2` द्या, `View` मधून `Navigation Pane` उघडा आणि डावीकडच्या यादीतली वाक्यं वर-खाली ओढा. खालचा मजकूर त्यांच्याबरोबर हलतो. यात आणखी एक फायदा होतो: मथळ्यांचा कच्चा माल आपोआप तयार होतो.

आता मथळ्यांकडे. ‘व्यवस्थापन’ या मथळ्याला एकच प्रश्न विचारा: हे खोटं असू शकतं का? नाही. ‘व्यवस्थापन’ खरंही नसतं आणि खोटंही नसतं, ती नुसती पाटी आहे. ‘फरदड ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो’ हे मात्र कुणी खोडू शकतं, म्हणजे ते काहीतरी सांगतंय.

एक मथळा कसा बदलत जातो ते दाखवते. तुमचा मूळ मथळा ‘व्यवस्थापन’. तुम्ही तो सुधारायला घेतलात तर पहिल्या झटक्यात बहुधा ‘कामगंध सापळ्यांद्वारे सर्वेक्षण’ असं कराल. शब्द वाढले, पण पाटी पाटीच राहिली. मग ‘कामगंध सापळे लावणे’. इथे कृती आल्यासारखी वाटते, पण ‘-णे’ फसवं आहे: कोणी, किती, कधी, कशासाठी, सगळं गाळून फक्त क्रियेचं नाव उरतं. मग वाक्य करायचं म्हणून ‘कामगंध सापळ्यांमुळे अळी आटोक्यात येते’. हे वाक्य झालं खरं, आणि झाल्याबरोबर कळलं की ते चूक आहे. एकरी दोन सापळे पाळत ठेवण्यासाठी असतात. पतंग पकडून कीड कमी करायची तर सापळे कितीतरी जास्त लागतात. शिवाय सापळ्यात नरच येतात. ‘व्यवस्थापन’ या पाटीखाली ही गफलत आरामात लपली होती. मसुदा वाचताना माझाही समज झाला होता की सापळे लावले म्हणजे उपाय झाला.

चौथ्या खेपेला: ‘सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीला उशीर नको’. यात आकडा आहे, अट आहे, आणि पुढचं पाऊलही आहे. मी इथे थांबेन. त्याखालच्या मजकुरात दुसरी कसोटी येऊ द्या: एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, आणि दोनांत अळी निघाली तर तेही दहा टक्के, म्हणजे फवारणीची मर्यादा गाठली. खरं म्हणजे याला स्वतंत्र मथळा द्या: ‘वीस बोंडं फोडा, दोनांत अळी निघाली तर फवारा’. शेतकऱ्याने पुस्तिका उघडून फक्त हे दोन मथळे वाचले तरी तो त्या आठवड्याचं काम करू शकेल.

मराठी मथळ्यांची आणखी एक खोड म्हणजे ‘व’. तुमच्या उपमथळ्यांत ‘लक्षणे व नुकसान’ आहे. ‘व’ दिसला की समजायचं, दोन तुकडे अजून चिकटलेले आहेत. सोडवल्यावर लक्षण असं झालं: ‘गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी, आत अळी असते’. नुकसानीचा तुकडा मात्र खांबाच्या तुकड्यात विरघळला, त्याला वेगळा मथळा उरलाच नाही. असं झालं तर होऊ द्या.

प्रश्नार्थक मथळ्यांचा मोह सगळ्यांना होतो: ‘बोंडअळी कशी ओळखाल?’ वाईट नाही, पण उत्तर आत दडवून ठेवतो. उत्तर एका ओळीत मावत असेल तर तेच वर लिहा. आणि मथळा दहा-बारा शब्दांपलीकडे नेऊ नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब मथळ्यात मुद्द्याचा शब्द दुसऱ्या ओळीच्या टोकाला जाऊन बसतो. आकडा किंवा खूण पुढे आणा, क्रियापद मागून आलं तरी हरकत नाही.

काही पाट्या मात्र पाट्याच राहू द्या. औषधांचा तक्ता, संपर्क क्रमांक, जीवनक्रमाची चौकट: इथे वाचणारा शोधत येतो, त्याला नाव दिसलं पाहिजे. तुमचा निधी देणाऱ्यांनी ठरावीक मथळ्यांचा नमुना दिला असेल तर तोही मोडू नका. मथळा त्यांचा ठेवा आणि खालच्या पहिल्याच वाक्यात तुमचं विधान मांडा.

‘इतर माहिती’मध्ये तुम्ही फवारणीच्या वेळच्या काळजीचा परिच्छेद टाकलाय: मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेला पाठ, रिकामे डबे. तो २१वा आहे, म्हणजे औषध मारून झाल्यानंतर वाचला जाणार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुमच्या वाचकांना माहीत आहे. हा तुकडा औषधांच्या तक्त्याच्या *आधी* हवा, आणि तक्त्याच्याच पानावर, म्हणजे पान उलटायची गरज पडणार नाही. ‘इतर माहिती’ हा मथळाच मुळात आळसाचा असतो. तो दिसला की त्याखालचा प्रत्येक तुकडा उचलून विचारा, तुझं घर कुठलं?

तुकडे नव्या जागी बसले की सांधे तपासायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच सोडतात. ‘वरील’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘पुढे पाहू’, ‘त्यामुळे’, ‘तसेच’, ‘ही कीड’, ‘हे औषध’ असे शब्द शोधून काढा आणि प्रत्येक जण अजून आपल्याच माणसाकडे बोट दाखवतोय ना ते बघा. माझ्या हातून एकदा एका घडीपत्रिकेत दोन परिच्छेदांची अदलाबदल झाली आणि ‘वरील औषधाचे प्रमाण निम्मे करावे’ हे वाक्य भलत्याच औषधाखाली जाऊन बसलं. छपाईआधीच्या शेवटच्या प्रतीत ते दिसलं, म्हणून वाचले. तेव्हापासून मी सूचनेच्या वाक्यात ‘वरील’ लिहीत नाही, नाव पुन्हा लिहिते. तुमच्याकडे असाच एक सांधा डोमकळीचा आहे. शब्द सहाव्या परिच्छेदात येतो आणि त्याचा अर्थ चौदाव्यात. नव्या क्रमात दोन्ही एकाच मथळ्याखाली आलेत, पण ‘वर उल्लेखिलेली डोमकळी’ हे शब्द तसेच राहिलेत, ते काढा.

मग फक्त मथळे एका कागदावर उतरवा आणि त्याच दोघांना वाचून दाखवा, पुस्तिका हातात न देता. आवडलं का ते विचारू नका. विचारा, “आता या आठवड्यात काय कराल?” मध्येच कुणी “पण मग...” म्हणून काही विचारलं आणि त्याचं उत्तर पुढच्याच मथळ्यात असलं, तर क्रम बसला. उत्तर तीन मथळ्यांनंतर असेल तर तो तुकडा वर आणा. उत्तर कुठेच नसेल तर तुम्हाला लिहिण्यासारखा नवा तुकडा सापडला. या सगळ्या खटाटोपात नवं लिहायची वेळ फक्त इथे येते.

प्रस्तावना आणि समारोप मी काढून टाकले. प्रस्तावनेतला बीटीचा भाग वापरला गेलाच आहे आणि समारोपात नवं काही नव्हतं. एका तुकड्याला मात्र मला जागा सापडली नाही: या किडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झालं, तो. मजेशीर आहे, मलाही आवडला. पण वीस बोंडं फोडायला निघालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. सध्या तो कोठारात राहू द्या, जीवनक्रमाच्या चौकटीखाली दोन ओळी उरल्या तर बघू.